आयईएलटीएसचा स्कोअर: तारखांच्या या चुका टाळा

परदेशी शिक्षणाचे अर्ज भरताना मुलांसोबत बसणं हे माझं रोजचं काम. दरवर्षी जून-जुलैत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, स्कोअर दोन वर्षं चालतो ना, मग काळजी कसली?" दोन वर्षं चालतो हे खरं आहे. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई या इंग्रजीच्या सगळ्या परीक्षांना साधारण तोच नियम. पण ही दोन वर्षं मोजायची कुठून आणि कुठपर्यंत, हे फारच थोडी मुलं विचारतात.

मोजणी परीक्षेच्या दिवसापासून सुरू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. शेवट मात्र समोरचा ठरवतो. काही विद्यापीठं अर्जाच्या दिवशी स्कोअर जिवंत असला की समाधानी असतात, काहींना तो कोर्स सुरू होण्याच्या दिवशी जिवंत हवा असतो. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी तो व्हिसाच्या अर्जाच्या तारखेशी ताडून पाहतात. प्रवेश आणि व्हिसा यांच्या तारखा वेगळ्या असतात, म्हणून दोन्ही तपासाव्या लागतात.

नाशिकच्या एका मुलीचं उदाहरण देतो. तिची परीक्षा 13 ऑगस्ट 2022 ला झाली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सप्टेंबर 2023 चा प्रवेश मिळाला, पण वडील आजारी पडले म्हणून तिने तो एक वर्ष पुढे ढकलला. प्रवेश पुढे सरकला, स्कोअरची मुदत जिथल्या तिथे राहिली. कोर्स 23 सप्टेंबर 2024 ला सुरू होणार होता आणि विद्यापीठाला त्या दिवशी चालू असलेला स्कोअर हवा होता. जूनच्या शेवटी तिने मला सहज विचारलं, तेव्हा हे लक्षात आलं. सीएएस, म्हणजे व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं पत्र, नव्या स्कोअरशिवाय निघणार नव्हतं.

घाईत 6 जुलैला परीक्षा दिली. एकूण 7 बँड आले, पण रायटिंगला 6, आणि प्रत्येक विभागात 6.5 ची अट. मग तिने 'वन स्किल रीटेक' घेतला. यात चारांपैकी एकच विभाग, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत, एकदाच पुन्हा देता येतो. मूळ परीक्षा संगणकावर दिलेली असावी लागते. 20 जुलैला 6.5 आले. घरी पेढे वाटले गेले. आठवड्याने विद्यापीठाची मेल आली की चारही विभाग एकाच बैठकीतले हवेत, रीटेक धरत नाही. 10 ऑगस्टला पूर्ण परीक्षा तिसऱ्यांदा दिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. कोर्स सुरू झाल्यावर चार दिवसांनी ती पोचली.

तेव्हापासून रीटेकचे पैसे भरण्याआधी मी मुलांकडून प्रवेश कार्यालयाला मेल पाठवून घेतो आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबतो. फोनवरच्या 'हो' वर मी विसंबत नाही. प्रवेश पुढे ढकलायचा अर्ज करतानाही त्याच मेलमध्ये स्कोअरचं काय, हे विचारून घेतो.

दुसरी चूक मला जास्त टोचते, कारण ती निव्वळ उतावळेपणातून होते. आयईएलटीएस पुन्हा द्यायला थांबण्याची सक्ती नाही, टोफेलला दोन परीक्षांमध्ये तीन दिवसांचं अंतर पुरतं. म्हणून मुलं पुढच्याच शनिवारची तारीख घेतात आणि आई-वडिलांचे सतरा-अठरा हजार पुन्हा भरतात. आठ दिवसांत रायटिंगचा बँड वाढत नाही. निबंधात मुद्दा अर्धवट सोडण्याची सवय असेल तर ती पुढच्या शनिवारीही तशीच असते. मी निदान तीन आठवडे मागतो आणि त्यात बारा निबंध हाताखालून तपासून घेतो. एवढं करायचं नसेल तर तारीख घेऊ नये, हे मी पालकांसमोर स्पष्ट सांगतो.

रायटिंग किंवा स्पीकिंगमध्ये अर्धाच बँड कमी पडला आणि बाकी विभागांत तो बराच वर असेल, तर आधी फेरतपासणीचा विचार करा. तिला परीक्षेपासून सहा आठवड्यांची मुदत असते आणि बँड वाढला तर शुल्क परत मिळतं.

टोफेलवाल्यांनी दोन वर्षं उलटायच्या आत विद्यापीठाला स्कोअर पाठवून टाकावा. नंतर परीक्षा घेणारी संस्था तो पाठवत नाही.

ऑस्ट्रेलियात शिकून तिथेच काही काळ काम करायचं असेल, तर पदवीनंतरच्या 485 व्हिसाला मार्च 2024 पासून एका वर्षाच्या आतलीच परीक्षा चालते. प्रवेशाच्या वेळचा स्कोअर तिथे उपयोगी पडत नाही.