नेतृत्वबदलाची घोषणा लिहिताना या चुका टाळा

मागे एका संस्थेत संचालक पद सोडून गेले तेव्हा घोषणेचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. चारच ओळी होत्या, पण त्या तशाच गेल्या असत्या तर महिनाभर कुजबुज चालली असती. मसुदा असा होता:

"सर्वांना कळविण्यात येते की, काही कारणांमुळे आपल्या संचालकांनी तडकाफडकी राजीनामा दिला आहे. मधल्या काळात काही अडचणी आल्या असल्या तरी आता नव्या नेतृत्वाखाली संस्था पुन्हा उभारी घेईल. कृपया कोणीही अफवांवर विश्वास ठेवू नये."

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, घाईत लिहिलं होतं एवढंच.

सगळ्यात आधी खटकलं ते "काही कारणांमुळे". वाचणारा लगेच विचारतो, म्हणजे कुठल्या? कारण सांगायचं नसेल तर कारणाचा उल्लेखच करू नका, नुसतं "राजीनामा दिला आहे" पुरतं. बरेच जण इथे "वैयक्तिक कारणांमुळे" किंवा "तब्येतीमुळे" टाकून मोकळे होतात, पण ते जाणाऱ्या माणसाने स्वतः "असं लिहा" म्हटलं असेल तरच टाकायचं, नाहीतर आपण त्यांच्या घरचं काहीतरी परस्पर जाहीर केल्यासारखं होतं. आणि "तडकाफडकी" सरळ काढायचा. तो शब्द माहिती देत नाही, भांडण झालं असणार असं सुचवतो.

दुसरी चूक जास्त लपलेली आहे. "पुन्हा उभारी घेईल" म्हटलं की आधी संस्था पडली होती आणि ती यांनीच पाडली असा अर्थ निघतो, नाव न घेता. "आता कारभार पारदर्शक होईल", "नवी शिस्त येईल" हीसुद्धा त्यातलीच वाक्यं, नव्या माणसाचं कौतुक करता करता जुन्या माणसावर आरोप होऊन जातो. माझी साधी पद्धत अशी की नव्या माणसाबद्दलचं वाक्य उलटं करून बघायचं, उलट्या वाक्यात जाणाऱ्याची बदनामी दिसली तर ते वाक्य बाद.

आणि अफवांची ओळ! ज्याला काहीच माहीत नव्हतं तोही ती वाचून शेजारच्याला विचारतो, "काय रे, कसल्या अफवा?" "कोणताही गैरव्यवहार झालेला नाही" हे वाक्यही तसंच, कोणी विचारलंच नसताना खुलासा दिला की लोकांना तोच शब्द लक्षात राहतो.

मग लिहायचं काय? मी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने लिहायला लावलं की हे कुठून आलं: राजीनाम्याचं पत्र, मंडळाचा ठराव, की "मला वाटतं". तिसऱ्या प्रकारचं सगळं गेलं. मग उरलेल्यातून आणि लोकांना खरंच लागणाऱ्या माहितीतून हे तयार झालं:

"आपल्या संचालकांनी पदाचा राजीनामा दिला असून कार्यकारी मंडळाने तो १४ तारखेच्या बैठकीत मंजूर केला आहे. ३० तारीख हा त्यांचा कामाचा शेवटचा दिवस असेल. प्रशिक्षण विभाग त्यांनी सुरू केला आणि नऊ वर्षं तो चालवला, याबद्दल मंडळ त्यांचं आभारी आहे. १ तारखेपासून, नवी नेमणूक होईपर्यंत, उपसंचालक प्रभारी म्हणून काम पाहतील. रजा आणि बिलांच्या मंजुरीसाठी त्यांच्याकडे जावं. नेमणुकीची माहिती सचिव कळवतील."

आभाराचं वाक्य बघा, एकच काम घेतलंय पण ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. "अतुलनीय, अमूल्य, दैदिप्यमान" असा ढीग लावला की लोकांना उलट संशय येतो, आणि आभारच गाळले तर त्याहून जास्त. "प्रभारी" हा शब्दही मुद्दाम ठेवलाय, नाहीतर लोक उपसंचालकांनाच कायमचे संचालक धरून चालतात आणि पुढे दुसरं कोणी आलं की त्यांना डावललं अशी चर्चा सुरू होते.

एक अडचण मात्र येते, राजीनामा नसून मंडळाने पदावरून काढलं असेल तेव्हा. तेव्हा "राजीनामा दिला" लिहायचं नाही, ते खोटं आहे आणि कधीतरी बाहेर येतंच. "१४ तारखेपासून ते संचालक पदावर नाहीत" एवढं खरं आणि पुरेसं आहे. प्रकरण चौकशीत किंवा कोर्टात असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय मसुदा पुढे पाठवू नका.

पाठवण्याआधी मसुदा जाणाऱ्या व्यक्तीला दाखवा, निदान त्यांच्याबद्दलची दोन वाक्यं तरी. आमच्या वेळी त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, विभाग "मी एकट्याने नाही, आम्ही तिघांनी" सुरू केला. मग "सहकाऱ्यांसोबत सुरू केला" असं करून, आधी त्यांच्या हाताखालच्या टीमला समोर बसवून सांगितलं आणि तासाभराने घोषणा सगळ्यांना गेली.