हॉटेलात भल्या सकाळी वीज गेली तर: नव्या मॅनेजरने या चुका टाळाव्यात

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपासचं, तीन मजल्यांचं आणि चोवीस खोल्यांचं एक हॉटेल डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबरातला रविवार, कासला निघालेल्या कुटुंबांनी हॉटेल भरलेलं. मॅनेजर नवा, आजच रुजू झालेला. सकाळी साडेसहाला वीज जाते आणि दहा मिनिटांत लॉबी भरते. कुणाचं तोंड फेसाने भरलेलं, कुणाच्या कडेवर पोर, आणि कासचं बुकिंग सकाळचं असल्याने प्रत्येकाला घाई.

मॅनेजरची पहिली चूक काउंटरवरच होते. तो म्हणतो, "पाच मिनिटांत येईल." वीज कंपनीकडून त्याला काहीच कळलेलं नसतं. वीस मिनिटांनी एक आजोबा विचारतात, "अहो साहेब, तुमची पाच मिनिटं संपायची कधी?" आणि त्यानंतर त्याच्या कुठल्याच शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्याऐवजी एवढंच सांगावं: तक्रार नोंदवली आहे, आपला जनरेटर सुरू करतोय, पावणेसातला मी पुन्हा इथेच येऊन सांगतो. मग पावणेसातला खरंच यावं, नवं काही नसलं तरी.

दुसरी चूक जास्त धोक्याची, म्हणजे लिफ्टकडे न पाहता जनरेटरकडे धावणं. लिफ्टला बॅटरीवरची बचाव यंत्रणा असेल तर ती जवळच्या मजल्यावर जाऊन दार उघडते. पण ती बॅटरी मेलेली असू शकते, म्हणून प्रत्येक मजल्यावर हाक मारून आत कुणी नाही ना, हे बघायचंच. कुणी अडकलं असेल तर आधी लिफ्टचा मेन स्विच पाडायचा आणि सुटका शिकलेल्या माणसाच्या हातूनच करायची. दार ओढत असताना वीज परत आली आणि लिफ्ट हलली, तर काय होईल हे सांगायला नको.

आता जनरेटर. आपल्या गोष्टीतला मॅनेजर बटण दाबतो, इंजिन सुरू होतं, दिवे लागतात, लॉबीत टाळ्या पडतात. काही सेकंदांत इंजिनचा आवाज दबतो, दिवे मंद होतात आणि ब्रेकर पडतो. तो ब्रेकर उचलतो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उचलायला जातो तेव्हा रात्रपाळीचा वॉचमन म्हणतो, "साहेब, आधी गिझरचे खटके पाडा."

त्याचं बरोबर आहे. जनरेटर ४० केव्हीएचा, म्हणजे साधारण ३२ किलोवॅटचा. वीज गेली तेव्हा अठरा खोल्यांत गिझर चालू होते आणि पाहुण्यांनी ते बंद केलेले नाहीत; कोण करतं? प्रत्येकी २ किलोवॅट धरले तरी ३६ झाले. शिवाय दिवे, फ्रीज, लिफ्ट मिळून दहाएक. एवढा भार एकदम अंगावर आला की ब्रेकर पडणारच. तो त्याचं काम करतोय, बिघाड शोधत बसू नका.

उपाय असा: तिन्ही मजल्यांच्या बोर्डातले गिझरचे एमसीबी पाडायचे, मग जनरेटर लावायचा. दिवे आणि लिफ्ट स्थिरावले की एका मजल्याचे आठ गिझर चालू करायचे. ते १६ किलोवॅट, म्हणजे एकूण २६; निभतं. २५ लिटरचा गिझर तापायला साधारण अर्धा तास लागतो, त्यानंतर पुढचा मजला. लवकर निघणारे पाहुणे ज्या मजल्यावर जास्त, तो पहिला. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांना किचनमधून गॅसवर तापवलेल्या पाण्याची बादली द्यावी. मात्र किचनचा एक्झॉस्ट बंद असेल तर खिडक्या उघडूनच शेगड्या पेटवायच्या.

बिघाड वेगळा असेल तर तो कानाने ओळखता येतो. बटण दाबल्यावर नुसतं 'टक' वाजलं तर बॅटरी उतरलेली किंवा तिची टोकं गंजलेली. इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, तर डिझेल संपलंय किंवा पाइपात हवा शिरली आहे. इंजिन मजेत चालतंय आणि उजेड नाही, तर ब्रेकर बघा किंवा चेंजओव्हर, म्हणजे हॉटेलला लाइनवरून जनरेटरवर आणि परत नेणारा स्विच. स्टार्टर एका वेळी दहाएक सेकंदांहून जास्त दाबू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर उरलीसुरली बॅटरीही जाते.

शेवटची चूक वीज परत आल्यावरची. नवा मॅनेजर आनंदाने लगेच चेंजओव्हर फिरवतो. पण आलेली वीज कधी कधी दोनच फेजांवर असते. तेव्हा काही खोल्या उजळतात, काही अंधारातच राहतात आणि तीन फेजवरची पंपाची मोटर घुं घुं करत तापते. पॅनेलवरचे लाल, पिवळा, निळा असे तिन्ही दिवे नीट लागलेत का बघायचं आणि पाचेक मिनिटं थांबायचं. मगच गिझर पुन्हा पाडून चेंजओव्हर फिरवायचा, आणि इंजिन थोडा वेळ बिनभाराचं चालवून बंद करायचं. एक दिवा जरी विझलेला असला तरी हॉटेल जनरेटरवरच ठेवायचं आणि वीज कंपनीला १९१२ वर पुन्हा फोन करून सांगायचं की एक फेज नाही.