दोन पोप, तीन पोप आणि परिषद: हा विषय समजून घेताना या चुका टाळा

युरोपच्या इतिहासाचा पेपर तपासताना किंवा मुलांशी बोलताना मला एकच वाक्य परत परत भेटतं, "दोन पोप झाले, लोक वैतागले, म्हणून परिषद पोपपेक्षा मोठी ठरवली." हे वाक्य तसं खोटं नाही पण त्यातून काहीच कळत नाही. कारण खरी अडचण वैतागण्याची नव्हतीच, कायद्याची होती. चर्चच्या कायद्यानुसार पोपचा न्याय कुणीच करू शकत नव्हतं, आणि सगळ्या चर्चची परिषद, म्हणजे बिशप आणि विद्वानांची मोठी सभा, बोलवायचा अधिकार फक्त पोपकडे होता. मग पोपच दोन असतील तर परिषद बोलवायची कुणी आणि निकाल द्यायचा कुणी? या कोंडीतून वाट काढायला विद्वानांना जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि ती वाट कशी निघाली हे कळलं तरच विषय कळला.

पहिली चूक: आव्हिन्यॉं आणि फूट एकच समजणं

हे पटकन सांगून पुढे जातो. १३०९ ते १३७७ पोप दक्षिण फ्रान्सकडच्या आव्हिन्यॉंला राहत होते, पण तेव्हा पोप एकच होता. फूट पडली १३७८ मध्ये, पोप अकरावा ग्रेगरी रोमला परत येऊन तिथे वारल्यावर. उत्तरात १३०९ पासून "दोन पोप" लिहिलं असेल तर समजायचं की इथेच गडबड झालीये.

दुसरी चूक: दोन गटांनी दोन पोप निवडले असं मानणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण हिच्यामुळे पुढचा अख्खा युक्तिवाद निसटतो. दोन्ही पोप त्याच कार्डिनलांनी, म्हणजे पोप निवडायचा हक्क असलेल्या बड्या धर्माधिकाऱ्यांनी, निवडले होते! एप्रिल १३७८ मध्ये रोममध्ये सोळा कार्डिनल निवडणुकीला बसले, त्यात बहुतेक फ्रेंच, चार इटालियन आणि एक स्पॅनिश, पेद्रो दे लूना (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल). बाहेर रोमची गर्दी ओरडत होती की पोप रोमन पाहिजे, निदान इटालियन तरी पाहिजे. ८ एप्रिलला त्यांनी बारीचा आर्चबिशप बार्तोलोमेओ प्रिन्यानो याला निवडलं, जो इटालियन होता पण कार्डिनल नव्हता, आणि ही बातमी जाहीर व्हायच्या आतच गर्दी आत घुसली. घाबरलेल्या कार्डिनलांनी काय केलं तर त्यांच्यातल्या म्हाताऱ्या रोमन कार्डिनलाला, तेबाल्देस्कीला, पोपची वस्त्रं चढवून लोकांसमोर बसवलं आणि बाकीचे निसटले.

आता इथे थांबून बघा, कारण सगळा खटला या पुढच्या आठवड्यांवर उभा आहे. दुसऱ्या दिवशी शहरातच असलेले कार्डिनल परत आले, त्यांनी प्रिन्यानोची निवड पक्की केली, १८ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी त्याचा सहावा अर्बन म्हणून राज्याभिषेक झाला, राजांना पत्रं गेली की नवा पोप निवडलाय. म्हणजे भीती ओसरल्यावरही ते त्याला पोप म्हणूनच वागवत होते. पण अर्बन भडक डोक्याचा निघाला, कार्डिनलांना सगळ्यांसमोर टाकून बोलायला लागला, मग उन्हाळ्यात ते एकेक करून आनान्यीला गेले आणि ऑगस्टमध्ये जाहीर केलं की निवडणूक गर्दीच्या दहशतीखाली झाली होती म्हणून ती रद्द. २० सप्टेंबरला फोंदी गावात त्यांनी जिनिव्हाच्या रॉबर्टला सातवा क्लेमेंट म्हणून निवडलं आणि तो पुढे आव्हिन्यॉंला जाऊन बसला.

फ्रान्स, स्कॉटलंड, नंतर कास्तील आणि आरागोन क्लेमेंटकडे, इंग्लंड, जर्मनीचा बराच भाग, हंगेरी, पोलंड अर्बनकडे. राजांनी आपापला फायदा बघितला हे खरंच, पण प्रामाणिक माणसालाही इथे निकाल देता येत नव्हता, कारण साक्षीदार, मतदार आणि फिर्यादी तेच. अर्बन म्हणणार तुम्हीच मला तीन महिने मानलंत, ते म्हणणार आम्ही घाबरलो होतो. या दोघांच्या वर बसून हे ऐकेल अशी जागाच चर्चमध्ये नव्हती, आणि विद्वान जे शोधत होते ते नेमकं हेच, अशी एक जागा.

तिसरी चूक: हा विचार लोकशाहीचा किंवा बंडाचा समजणं

मार्टिन ल्यूथर अजून शंभरच्या वर वर्षं लांब आहे, त्याला इथे आणू नका. लोकशाहीही आणू नका. ज्यांनी हा विचार मांडला ते चर्चचे पक्के माणूस होते आणि त्यांनी हत्यार वापरलं ते चर्चच्याच कायद्याच्या पुस्तकातलं. बाराव्या शतकात ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचं जे मोठं संकलन केलं त्यात एक वाक्य आहे की पोपचा न्याय कुणी करू नये, "तो श्रद्धेपासून भरकटलेला आढळला तर सोडून". हा "सोडून" म्हणजे दारातली फट. भाष्यकारांनी शंभरएक वर्षं ती फट मोठी करत नेली, योहानेस ट्यूटोनिकसने साधारण १२१५ च्या सुमारास टीपेत लिहूनच ठेवलं होतं की श्रद्धेचा प्रश्न असेल तिथे परिषद पोपपेक्षा मोठी.

पण परिषद बोलवायची कुणी हा प्रश्न तसाच होता. त्यावर पॅरिसमधल्या दोन जर्मन विद्वानांनी, गेल्नहाउसेनचा कॉन्राड आणि लांगेनश्टाइनचा हाइनरिश यांनी, १३७९ ते १३८१ मध्ये लेख लिहिले. कॉन्राडने फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या मांडणीचं मर्म साध्या भाषेत असं: पोपशिवाय परिषद नाही हा नियम केला तेव्हा एकच, वाद नसलेला पोप आहे हे गृहीत धरलं होतं. तसा पोपच नसेल तर नियमाचं अक्षर धरून बसलं की नियमाचा हेतूच मरतो. अॅरिस्टॉटलने यालाच नाव दिलंय, कायदा करणारा इथे हजर असता तर त्याने काय म्हटलं असतं तसं वागणं. आणि दुसरं, चर्च म्हणजे पोप आणि कार्डिनल नव्हे, सगळ्या श्रद्धावंतांचा मेळा, त्याचं खरं मस्तक ख्रिस्त, म्हणून पोप वारला किंवा वादात सापडला तरी चर्च बिनडोक्याचं होत नाही.

पुढे पादुआचा कायदेपंडित फ्रांचेस्को झाबारेल्ला याने याला संस्थेच्या कायद्याची जोड दिली. बिशप आणि त्याचं पुरोहितमंडळ यांचं नातं तेव्हाच्या कायद्यात नीट बांधलेलं होतं, प्रमुखाला अधिकार आहे पण संस्था त्याची खाजगी मालमत्ता नाही. झाबारेल्ला म्हणाला तेच अख्ख्या चर्चला लागू करा, सत्तेचा पाया सगळ्या शरीरात आहे, पोप तिचा मुख्य कारभारी, आणि ती जागा रिकामी किंवा फुटलेली असेल तर अधिकार परत शरीराकडे येतो. उत्तरात हा मुद्दा नसेल तर "परिषद मोठी" हे वाक्य नुसतं अधांतरी राहतं.

चौथी चूक: १३८० ते १४१४ ही वर्षं गाळणं

परिषद हा सगळ्यांचा पहिला पर्याय नव्हता. १३९४ मध्ये पॅरिस विद्यापीठाने मतं मागवून तीन रस्ते पुढे ठेवले: दोघांनी राजीनामा द्यावा, लवादाकडे जावं, नाहीतर परिषद. राजीनाम्यावर भर होता. त्याच वर्षी क्लेमेंट वारला आणि आव्हिन्यॉंच्या कार्डिनलांनी गरज पडली तर राजीनामा देईन अशी शपथ घेऊन तोच पेद्रो दे लूना निवडला, तेरावा बेनेडिक्ट म्हणून. त्याने राजीनामा दिला नाही. फ्रान्सने १३९८ मध्ये त्याची आज्ञा पाळणं बंद केलं, तरी नाही. १४०८ च्या सुरवातीला तो आणि रोमच्या गादीवर अर्बननंतर आलेल्यांपैकी तेव्हाचा पोप बारावा ग्रेगरी भेटायला म्हणून इटलीत एकमेकांच्या जवळ आले, बेनेडिक्ट किनारा सोडेना आणि ग्रेगरी समुद्राकडे येईना, भेट झालीच नाही.

तेव्हा दोन्हीकडचे कार्डिनलच आपापल्या पोपला सोडून १४०९ मध्ये पिसाला जमले. इथली युक्ती नीट बघा. दोघांना काढायला फक्त "फूट पाडली" पुरेसं नव्हतं, कारण कायद्यातली फट श्रद्धेची होती. म्हणून पिसाने म्हटलं, इतकी वर्षं जाणूनबुजून फूट चालू ठेवणं म्हणजे एकच पवित्र चर्च आहे या श्रद्धेलाच नाकारणं, म्हणून दोघं पाखंडी, दोघं पदच्युत. नवा पोप निवडला पाचवा अलेक्झांडर. जुने दोघं हलले नाहीत आणि पोप तीन झाले. बरेच जण यावरून लिहितात की सिद्धांत फसला. तर्क फसला नव्हता, पिसाचा निकाल अमलात आणण्याइतके राजे पाठीशी नव्हते, हा त्यातला फरक आहे.

पाचवी चूक: ६ एप्रिल १४१५ चा ठराव तारखेशिवाय वाचणं

कॉन्स्टन्सची परिषद पिसाच्या अलेक्झांडरनंतर त्या गादीवर आलेल्या तेविसाव्या जॉनने, जर्मनीचा राजा सिगिसमुंडच्या दबावाखाली, बोलवली आणि ती नोव्हेंबर १४१४ मध्ये सुरू झाली. जॉनला वाटलं होतं इटालियन बिशपांच्या संख्येवर आपण तरू, पण मतं माणसागणिक न मोजता राष्ट्रांगणिक मोजायची ठरली, इटालियन, फ्रेंच, जर्मन, इंग्रज, म्हणजे त्याचं बहुमतच संपलं. २० मार्च १४१५ च्या रात्री तो वेश बदलून शाफहाउसेनला पळाला. परिषद ज्याने बोलवली तोच पळाला, मग परिषद उरते का? पॅरिस विद्यापीठाचा धर्मपंडित जाँ जेर्सों तीन दिवसांनी प्रवचनाला उभा राहिला आणि म्हणाला की उरते. आणि ६ एप्रिलला "हेक सांक्ता" ठराव झाला की ही परिषद सगळ्या चर्चचं प्रतिनिधित्व करते, तिला अधिकार थेट ख्रिस्ताकडून आहे, आणि श्रद्धा, ही फूट मिटवणं आणि वरपासून खालपर्यंत चर्चची सुधारणा या बाबतीत पोपसकट प्रत्येकाने तिचं ऐकायचं.

हा ठराव कायमचा सिद्धांत की त्या आणीबाणीपुरता उपाय, यावर आजही मतभेद आहेत, आणि उत्तरात एकच बाजू ठोकून देऊ नका. माझं मत, ते दोन्ही होतं, पळालेल्या पोपमुळे घाईने आलं पण शब्द पस्तीस वर्षं घडत आलेले होते. मे महिन्यात जॉन पदच्युत झाला. बारावा ग्रेगरी मात्र ४ जुलैला राजीनामा देण्याआधी स्वतःच्या नावाने परिषद पुन्हा "बोलवून" गेला, आणि परिषदेने ते होऊ दिलं. यामुळेच रोमची बाजू नंतर म्हणू शकली की परिषद कायदेशीर झाली ती त्या दिवसापासून, एप्रिलच्या ठरावानंतर. (तेविसावा जॉन हे नाव १९५८ मध्ये दुसऱ्या पोपने घेतलं, ते दोघं वेगळे.)

बेनेडिक्टला १४१७ मध्ये काढलं, तो स्पेनच्या किनाऱ्यावर पेन्यिस्कोलाच्या किल्ल्यात मरेपर्यंत स्वतःला पोपच म्हणत राहिला. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये "फ्रेक्वेन्स" हा ठराव झाला, पुढची परिषद पाच वर्षांनी, मग सात, मग दर दहा. नोव्हेंबरमध्ये २३ कार्डिनल आणि स्पेन धरून आता पाच झालेल्या राष्ट्रांचे ३० प्रतिनिधी मिळून पाचवा मार्टिन निवडला गेला.

आणि गोष्ट १४१७ ला संपवू नका. बाझेलची परिषद १४३१ ला सुरू झाली, पोपशी भांडली, १४३९ मध्ये चौथ्या युजीनला काढून तिने स्वतःचा पोप केला, म्हणजे फूट मिटवायला जन्मलेल्या विचारानेच नवी फूट पाडली आणि राजे तिला सोडून गेले. त्या बाझेलमध्ये परिषदेच्या बाजूने लेखणी झिजवणारा एनेआ सिल्व्हियो पिकोलोमिनी पुढे दुसरा पायस नावाने पोप झाला, आणि जानेवारी १४६० मध्ये त्यानेच फर्मान काढलं की पोपच्या निर्णयावर परिषदेकडे दाद मागायला बंदी.