रिटर्नच्या मुदतीचं कॅप्शन कसं लिहायचं – नवीन आर्टिकल्स आणि नुकती प्रॅक्टिस सुरू केलेल्यांसाठी

जुलै लागला की ऑफिसमध्ये पहिलं काम नवीन आर्टिकलकडे येतं ते म्हणजे "क्लायंटच्या ग्रुपवर आणि स्टेटसला टाकायला एक मेसेज बनव". साधं वाटतं, पण त्या चार ओळींवर पुढचे पंधरा दिवस फोन किती वाजणार हे ठरतं.

आमच्याकडे एका आर्टिकलने लाल सायरनवाला मेसेज बनवला होता, "शेवटची संधी! दंड आणि नोटीस टाळा!". दुसऱ्या दिवशी सकाळी एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंचा फोन, आवाज घाबरलेला, "अहो माझ्यावर नोटीस येणार का, मी तर एफडीचे कागद अजून बँकेतून आणलेच नाहीत". त्यांचं उत्पन्न ४ लाख ६० हजार, टॅक्स शून्य, उलट एफडीवर कापलेला टीडीएस परत यायचा होता. ३१ जुलै चुकली असती तरी ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला लेट फी जास्तीत जास्त १,००० रुपये. म्हणजे घाबरवलं कोणाला, तर जिला सगळ्यात कमी धोका होता तिलाच.

म्हणून आधी खरा परिणाम डोक्यात स्पष्ट हवा. पगार, पेन्शन, व्याज असलेल्या साध्या रिटर्नची मुदत ३१ जुलै, पण ती गेली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. ५ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर लेट फी ५,००० आणि टॅक्स बाकी असेल तर त्यावर महिन्याला एक टक्का व्याज, अर्धवट महिना पूर्ण धरतात. समजा ८,००० टॅक्स बाकी आहे आणि रिटर्न १० ऑगस्टला भरलं, तर व्याज ८० रुपये. हा आकडा क्लायंटला सांगितला की तो शांत होतो.

पण खरी भीती बाळगायची अशी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेक कॅप्शनमध्ये नसतेच. नोकरदार माणसाला ओल्ड रिजीम घ्यायची असेल, म्हणजे एचआरए, होम लोनचं व्याज, ८०सी वगैरे, तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं, उशिराच्या रिटर्नमध्ये न्यू रिजीमच लागते. तिथे फरक हजारांत नाही, कधीकधी लाखाच्या घरात जातो. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षी ओढायचा असेल तर तेच. अशा लोकांची यादी काढा आणि त्यांना वेगळा मेसेज करा, शक्यतो फोनच करा, सगळ्यांना एकच ओरड नको.

आता आम्ही पाठवतो ते कॅप्शन असं असतं:

"नमस्कार. पगार, पेन्शन, व्याज असं उत्पन्न असणाऱ्यांसाठी इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलै आहे. फॉर्म १६, बँकेचं व्याज सर्टिफिकेट, आणि वर्षभरात घर किंवा शेअर विकले असतील तर त्याचे कागद २० जुलैपर्यंत पाठवा, म्हणजे आम्हाला नीट तपासायला वेळ मिळेल. ज्यांनी पाठवलेत त्यांनी काही करायचं नाही. मुदतीनंतरही रिटर्न भरता येतं, पण लेट फी लागते. ओल्ड रिजीम घेणाऱ्यांनी मात्र ३१ जुलै चुकवू नये, शंका असेल तर फोन करा."

यात दोन तारखा मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. २० जुलै ही ऑफिसची सोय आहे, तीच सरकारी मुदत म्हणून सांगू नका, क्लायंटला एकदा कळलं की पुढच्या वर्षी खऱ्या तारखेवरही विश्वास बसत नाही. "ज्यांनी पाठवलेत त्यांनी काही करायचं नाही" ही ओळ तर सोडूच नका, अर्धे फोन तिथेच थांबतात. आणि "आमच्याकडेच भरा, सवलत मिळेल" असलं काही जोडू नका, क्लायंट ओढायला गळ घालणं इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेत बसत नाही.

पहिला मेसेज जूनच्या शेवटी बरा, कारण फॉर्म १६ द्यायची तारीखच १५ जून आहे, त्याआधी क्लायंटकडे पाठवायला काही नसतं आणि २६एएसही अर्धवट दिसतो.

मुदतवाढीबद्दल फॉरवर्ड आलेलं काहीही पुढे ढकलू नका. २०२५ मध्ये मुदत १५ सप्टेंबर होती आणि अगदी शेवटी ३० सप्टेंबर झाल्याचं एक पत्रक फिरलं, ते खोटं असल्याचं खात्याने सांगितलं, प्रत्यक्षात वाढ मिळाली ती फक्त एका दिवसाची, १६ सप्टेंबर. ज्यांनी त्या पत्रकावर विसंबून काम बाजूला ठेवलं असेल त्यांचं काय झालं असेल विचार करा. सीबीडीटीचं सर्क्युलर स्वतः उघडून बघितल्याशिवाय स्टेटस बदलू नका.

शेवटचा मेसेज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, फक्त ज्यांचं रिटर्न भरलंय पण ई-व्हेरिफाय बाकी आहे त्यांना: "रिटर्न अपलोड झालंय, भरल्यापासून ३० दिवसांत आधार ओटीपीने व्हेरिफाय करायचं आहे, ओटीपी आला की आम्हाला फोन करा, मेसेजवर पाठवू नका."