गच्चीवरील टोमॅटोसाठी कुंडी: उन्हाळ्यापूर्वीची तयारी

टोमॅटोचे रोप आणण्याआधी कुंडीची भिंत कशाची आहे, हे पाहावे. व्यास आणि उंची दोन्ही ३० सेंटिमीटर असलेल्या सरळ कुंडीत सुमारे २१ लिटर मिश्रण मावते. तिचा वरचा पृष्ठभाग साधारण ७०० चौरस सेंटिमीटर भरतो, तर भोवतालची भिंत त्याच्या चौपट असते. प्लॅस्टिकच्या भिंतीतून पाणी उडत नाही, भाजलेल्या मातीच्या आणि कापडाच्या भिंतीतून ते दिवसभर उडत राहते आणि त्यामुळेच आतील मिश्रण काहीसे थंड राहते.

मातीची कुंडी निवडल्यास ती रंगवलेली नसावी, कारण रंगाने छिद्रे बुजतात आणि मग तिचे निव्वळ वजनच पदरी पडते. नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, अन्यथा कोरडी भिंत मिश्रणातील ओल शोषून घेते.

प्लॅस्टिकच्या कुंडीला पाणी कमी लागते, परंतु तिची खरी अडचण उष्णतेची आहे. गडद रंगाची भिंत दुपारनंतर पश्चिमेकडून तापते आणि त्या बाजूच्या मिश्रणाचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की तेथील कोवळी मुळे मरू लागतात. भर दुपारी रोपाने मान टाकली, पण दोन इंच खोल खुपसलेल्या बोटाला ओल लागली, तर ती तहान समजू नये. त्या वेळी आणखी पाणी घातल्यास गरम, चिंब मिश्रणात मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून फिकट रंगाची कुंडी घ्यावी, पश्चिमेकडून सावलीसाठी फळी किंवा पांढरे कापड तयार ठेवावे आणि तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, हे तपासावे. निचऱ्यासाठी तळाशी खडी घालण्याची पद्धत रूढ असली, तरी तिने पाणी साचणारा थर फक्त वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो.

मुळांच्या दृष्टीने कापडी ग्रो बॅग सर्वांत उजवी आहे: भिंतीपाशी पोहोचलेले मुळाचे टोक हवेने सुकून थांबते आणि मागे नवे फाटे फुटतात, तर प्लॅस्टिकमध्ये तेच मूळ कडेने गोल फिरत राहते. मात्र कडक उन्हात आणि वाऱ्यात या पिशवीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. दिवसातून एकदाच पाणी देणे शक्य असेल, तर मी ती सुचवणार नाही. मिश्रण पूर्ण वाळले की आक्रसते आणि घातलेले पाणी कडेने निघून जाते. तळातून पाणी लगेच वाहिले, तरीही पिशवी उचलताना हलकी लागली, तर हेच घडले आहे असे समजावे. तिला अर्धा तास उथळ टबात ठेवून खालून भिजू द्यावे, म्हणून असा टब आधीच जवळ असावा.

तिन्ही प्रकारांसाठी विटा लागतील, कारण तापलेल्या स्लॅबवर तळ थेट टेकता कामा नये. कापडी पिशवीखाली विटांवर जाळी किंवा फळ्यांची चौकट ठेवावी, नाहीतर भिजलेल्या मिश्रणाच्या भाराने तिचा तळ विटांमधील फटीत लोंबू लागतो.