लंबकाचा तक्ता: अनिश्चिततेचा रकाना कसा भरायचा

साध्या लंबकावरून g काढण्याचा प्रयोग सोपा समजला जातो, म्हणून निरीक्षण तक्ता शिकायला तोच बरा. लांबी मोजायची, वीस दोलनांचा वेळ घ्यायचा, भागाकार करायचा. खरी अडचण अनिश्चिततेच्या रकान्यात येते. तिथे बहुतेक जण ±०.०१ लिहून मोकळे होतात, कारण स्टॉपवॉचवर दोन दशांश स्थळे दिसतात.

तक्ता प्रयोगाआधी आखून ठेवा. एका लांबीला एक ओळ, पाच वाचनांना पाच रकाने, मग सरासरी, अनिश्चितता आणि दोलनकाल T. एकक रकान्याच्या मथळ्यात एकदाच लिहायचे आणि खाली नुसते आकडे. प्रत्येक आकड्यामागे ‘से.’ लिहीत बसलात की एखाद्या ठिकाणी ते राहून जाते, आणि सेंटिमीटर-मीटरची गल्लत बहुधा तिथेच सुरू होते. प्रत्येक वाचन थेट तक्त्यातच नोंदवा. आधी कच्च्या कागदावर आणि मग सुबक तक्त्यात, असे केले की उतरवताना अंक उलटेसुलटे होतात. चुकलेले वाचन एका रेघेने खोडा, पण वाचता येईल असे राहू द्या. ते का खोडले, हे नंतर पाहावे लागते.

| L (सेंमी) | t₁ (से.) | t₂ (से.) | t₃ (से.) | t₄ (से.) | t₅ (से.) | सरासरी t (से.) | ± t (से.) | T (से.) | ± T (से.) |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ६०.० | ३१.०२ | ३१.१५ | ३१.११ | ३०.९८ | ३१.१४ | ३१.१ | ०.१ | १.५५४ | ०.००५ |
| ८०.० | ३५.९४ | ३५.८१ | ३६.०२ | ३५.८८ | ३५.९० | ३५.९ | ०.१ | १.७९६ | ०.००५ |

लांबी ‘८०’ न लिहिता ‘८०.०’ लिहिली आहे. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत आणि तुम्ही तिथपर्यंत पाहिले आहे, हे त्या शून्यावरून कळते.

आता ८० सेंमीची ओळ घ्या. पाच वाचनांची बेरीज १७९.५५, सरासरी ३५.९१. सर्वांत मोठे वाचन ३६.०२, सर्वांत लहान ३५.८१. त्यांतला फरक ०.२१ आणि त्याचा निम्मा सुमारे ०.१. पाच-सहा वाचने असताना हा निम्मा फरक अनिश्चितता म्हणून चालतो. प्रमाण विचलन काढायला सांगितले असेल तर ते इथे ०.०८ येते आणि त्याला √५ ने भागले की सरासरीची अनिश्चितता ०.०३. दोन्ही पद्धती रूढ आहेत. निम्मा फरक जरा जास्तच सावध आहे, इतकेच. कोणती वापरली ते तक्त्याखाली एका ओळीत लिहा आणि मध्येच बदलू नका.

घड्याळ शतांश सेकंद दाखवत असताना अनिश्चितता दहापट मोठी कशी? बटण दाबणारे बोट तेवढे नेमके नसते. गोळा खुणेवरून गेलेला दिसणे आणि अंगठा दाबला जाणे यांत सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. वाचने विखुरतात ती त्यामुळे. वीस दोलने मोजायचे कारणही हेच आहे. एकाच दोलनाचा वेळ घेतला असता तर ०.१ सेकंदाची सगळी अनिश्चितता T वर पडली असती. वीस घेतल्यावर ती वीसने भागली जाते आणि ०.००५ उरते.

अनिश्चितता एका दशांशापर्यंत आहे, म्हणून सरासरीही तेवढीच लिहायची: ३५.९. ‘३५.९१ ± ०.१’ यात शेवटच्या एकाला काही अर्थ नाही. मात्र पुढच्या आकडेमोडीत ३५.९१ च वापरा आणि उत्तराच्या वेळी आसन्न करा. आधीच कापत गेलात तर प्रत्येक पायरीवर थोडे थोडे निसटते.

सूत्र g = 4π²L/T². T चा वर्ग असल्याने त्याची टक्केवारीतील अनिश्चितता दुप्पट धरायची: ०.२८ चे ०.५६ टक्के. लांबीत मिलिमीटरच्या खुणांपेक्षा टांगलेल्या बिंदूची आणि गोळ्याच्या मध्याची जागा ठरवणे अवघड असते, म्हणून ±०.२ सेंमी, म्हणजे ०.२५ टक्के. बेरीज सुमारे ०.८ टक्के. उत्तर ९.८० ± ०.०८ मी/से². पाचही वाचने हुबेहूब ३५.९० असती तर हा रकाना शून्य आला असता. हाताने बटण दाबून असे होत नाही. तशी ओळ दिसली की तपासणारा पहिली शंका नकलेची घेतो, आणि ती बहुतेकदा खरी निघते.

मोजताना नेहमी होणारी चूक म्हणजे घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हणणे. तिथे ‘शून्य’ म्हणायचे असते. ‘एक’ म्हटले की वीसऐवजी एकोणीसच दोलने भरतात आणि वाचन ३४.१ च्या आसपास येते. पाचांत असे एकच असेल तर लगेच ओळखू येते: बाकीच्यांपासून ते १.८ सेकंद, म्हणजे बरोबर एका दोलनाइतके दूर असते. खोडा, कारण लिहा, नवे वाचन घ्या. न बघता सरासरीत मिसळले तर g ९.९९ च्या घरात जातो. पण पाचही वेळा तसेच मोजले असेल तर तक्ता अगदी छान दिसतो, अनिश्चितता तेवढीच लहान राहते आणि g मात्र १०.९ येतो. सगळ्या वाचनांत सारखीच असलेली चूक हा रकाना दाखवू शकत नाही.

मोजणी गोळा मधल्या जागेतून जाताना सुरू करा. टोकाला तो क्षणभर थबकतो, त्यामुळे तो नेमका कधी वळला ते ठरत नाही. मागे उभी रेघ काढलेला कागद लावला की काम होते. झोकाही लहान ठेवा. वीस अंशांच्या झोक्याने T पाऊण टक्क्याने वाढतो. वीस दोलनांत तो पाव सेकंद होतो, म्हणजे आपल्या अनिश्चिततेहून जास्त. पाच अंशांच्या आत ही भानगडच उरत नाही.

लांबीतली सारखी चूक पकडायला एक लांबी पुरत नाही. ४० ते १२० सेंमीपर्यंत पाच लांब्या घ्या आणि T² विरुद्ध L आलेख काढा. रेषा मूळबिंदूतून जायला हवी. दोरा फक्त गोळ्याच्या हुकापर्यंत मोजला असेल आणि तिथून मध्य एक सेंमी खाली असेल, तर रेषा लांबीचा अक्ष उणे एक सेंमीवर छेदते. म्हणजे किती मोजायचे राहिले हे आलेखच सांगतो. रेषेच्या चढावर या चुकीचा परिणाम होत नाही, म्हणून अशा वेळी g चढावरून काढा. बिंदूंना अनिश्चिततेच्या उभ्या रेघा द्यायला विसरू नका. ८० सेंमीच्या बिंदूला ती T² मध्ये ±०.०२ से² इतकी येते, आणि आलेखाच्या कागदावर ती बहुधा ठिपक्याहूनही लहान ठरते. तसे असेल तर ‘रेघ ठिपक्यात मावते’ एवढे आलेखाखाली लिहिले की पुरे.