मूत्रपिंडाची स्लाइड मला कशी उमगली

बाळा,

काल तू मूत्रपिंडातल्या दोन वळणदार नळ्या, जवळची पीसीटी आणि दूरची डीसीटी, उलट्या सांगितल्यास. पहिल्या वर्षी मीही हेच करायचे, फरकांचा तक्ता तोंडपाठ असूनही. मग पुस्तक मिटलं आणि मायक्रोस्कोपमध्ये दिसेल तीच नळी गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी काढली. पीसीटीत गुलाबी रंग गडद भरावा लागला, ब्रश बॉर्डरमुळे आतली कड धूसर आली आणि केंद्रकं मोजकीच निघाली. पेशी मोठ्या, त्यामुळे काप प्रत्येकीच्या केंद्रकातून जातच नाही! डीसीटीत पोकळी स्वच्छ, केंद्रकं दाटीने.

उद्या ग्लोमेरुलसभोवतीच्या पाच नळ्या काढ, केंद्रकं मोजून. नावं शेवटी लिही. पीसीटीच जास्त भरतील, कारण ती अधिक लांब असते.

तुझी मॅडम